स्वागताच्या भाषणातून गाळलेल्या चार ओळी

भाषण करायला मिळणार म्हटलं की मला आजही आदल्या आठवड्यापासून एका जागी बसवत नाही. तेव्हा तर मी पंचविशीचा होतो, आष्ट्याजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो, आणि परदेशी पाहुण्याचं स्वागत करायला गावाने मला निवडलं होतं. निवडलं म्हणजे काय, इंग्रजी येणारा दुसरा कुणी नव्हता. पण मी ते कुणाला म्हणू देत नसे.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. सांगलीच्या एका कॉलेजाने हॉलंडमधल्या शेतकी शाळेशी विद्यार्थ्यांची अदलाबदल ठरवली होती. आपल्याकडचा एक तिकडे गेला, तिकडचा एक इकडे येणार. त्यांच्याकडे बिटापासून साखर काढतात, आपल्याकडे उसापासून गूळ. म्हणून गुऱ्हाळं चालू असताना महिनाभर तो आमच्या गावात राहणार होता. मुक्काम आक्कांच्या घरी. आक्का म्हणजे गावातलं वजनदार माणूस. दोन मुलगे पलटणीत, बारा एकर ऊस, आणि त्यांच्या दारातून उपाशी कुणी गेलं नाही ही त्यांची ख्याती.

मुलाच्या आधी त्याच्या आईची चिठ्ठी कॉलेजामार्फत माझ्याकडे आली. ‘माझा मुलगा ज्या घरी राहील त्या घरच्या बाईला’ असं वर लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी भरलेला पातळ कागद, अक्षर उजवीकडे कललेलं, आणि भाषा डच. कॉलेजाने कळवलं की स्वागताचं भाषण या चिठ्ठीभोवतीच बांधा, चार मिनिटांच्या वर नको. चार मिनिटं! मला नुसतं घसा खाकरायला तेवढी लागत.

सर्व्हिस मोटारीने सांगली गाठली. तिथले एक म्हातारे प्राध्यापक जर्मन शिकलेले होते. डच आणि जर्मन चुलत बहिणी आहेत, थोरलीशी माझी ओळख आहे, धाकटी लाजत लाजत बोलेल, असं म्हणून त्यांनी भिंग काढलं. आधी चिठ्ठी जशीच्या तशी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली. मग प्रत्येक शब्दाखाली त्याचा इंग्रजी अर्थ लिहिला, वाक्य वेडंवाकडं झालं तरी चालेल म्हणाले. जिथे खात्री नव्हती तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. शेवटी त्यावरून मी मराठी करायचं. मी पहिल्याच ओळीला ‘साता समुद्रांपलीकडून एका मातेची आर्त हाक’ असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं.

“बाईंनी ‘नमस्कार’ एवढंच लिहिलंय. पत्र त्यांचं आहे, तुमचं नाही.”

“पण सभेत जरा भारदस्त—”

“भारदस्त तुमच्या ओळीत व्हा. त्यांच्या ओळीत नको. आणि एक. सभेत वाचण्याआधी मुलाला विचारा, यातलं काय चारचौघांत वाचलेलं चालेल. आई घरच्या बाईला लिहिते आहे, गावाला नाही.”

मी मान हलवली. मान हलवणं मला तेव्हाही सोपं जायचं.

परतीच्या मोटारीत मी काटछाट सुरू केली. मुलगा खिडकी उघडी ठेवून झोपतो, ठेवलं. गाईची धार काढतो, टाळ्यांसाठी दोनदा ठेवलं. मग खालच्या चार ओळी आल्या. ‘युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही बीट आणि फुलांचे कांदे खाल्ले. तेव्हा तो पोट भरलं म्हणायचा ते खोटं असायचं, स्वतःचा वाटा बहिणीला द्यायचा. आता म्हणतो ते खरं असतं. ताटात पडलेलं तो टाकू शकत नाही, त्रास झाला तरी संपवतो, म्हणून कृपा करून त्याला कमी वाढा.’ ‘फुलांचे कांदे’ यावर प्राध्यापकांचं मोठं प्रश्नचिन्ह होतं. मला तेवढा आधार पुरला. जे धड कळलेलंच नाही ते वाचायचं कशाला? खरं कारण दुसरंच होतं. आक्कांच्या देखत, अख्ख्या गावासमोर, ‘कमी वाढा’ असं मी म्हणणार? मी भाषणातून चारही ओळी खोडल्या आणि तिथे गुळाच्या गोडव्यावर एक झकास वाक्य घातलं.

बुधवारी पाहुणा आला, स्वागताची सभा रविवारी होती. बांबूसारखा उंच, कानाच्या पाळ्या लाल, हसला की सगळे दात दिसत. विचारायचं म्हणून मी चिठ्ठी खिशात घेऊन गेलो, पण तो येताच जेवायला बसवला गेला आणि मग शुक्रवारपर्यंत उठलाच नाही म्हणा.

आपल्याकडची रीत सांगायला नको. पाहुणा ‘नको’ म्हणतो ते म्हणण्यासाठी. पहिल्या ‘नको’ला वाढणारी हसते, दुसऱ्याला वाढते, तिसऱ्याला ताटावर आडवा घातलेला हात बाजूला करून वाढते. आणि ताट रिकामं दिसलं की घरच्या बाईच्या काळजात धस्स होतं, पाहुणा अजून भुकेला आहे. हा गडी एकदाच ‘नको’ म्हणायचा, तेही मी शिकवलेल्या मराठीत. भाकरी पडली की बिचारा मान खाली घालून शेवटच्या कणापर्यंत संपवायचा. ताट लख्ख. आक्का आणखी वाढायच्या. ते संपायचं. आणखी.

“लय खातंय गं पोरगं,” आक्का सुनेला कौतुकाने म्हणाल्या. “आईनं उपाशी ठिवलं हुतं का काय कुनास ठावं!”

मी भिंतीला टेकून उभा होतो. खिशातला कागद चुरचुरला. खरं तर मीच तो मुठीत चुरगाळत होतो.

गुरुवारी शेजारच्या घरी पुरणपोळ्या. शुक्रवारी गुऱ्हाळावर काकवी, आणि वर रस. शनिवारी सकाळी मुलगा उठला नाही. चेहरा पांढरा, पोट धरून भिंतीकडे तोंड. डॉक्टर आले, लंघन सांगून गेले. दुपारी सांगलीहून कॉलेजाचा माणूस सायकलवर आला. सोमवारपर्यंत बरा दिसला नाही तर सांगलीच्या वसतिगृहात हलवू, गावचा मुक्काम रद्द. त्याने ते सहज सांगितलं आणि पाणी पिऊन गेला. आक्का चुलीपुढे बसून राहिल्या.

“मास्तर, आमच्या घरचं अन्न बाधलं म्हंत्याल. तिकडं त्याच्या आईला कळंल. काय त्वांड दावू मी?” पदर डोळ्यांना लावून पुन्हा म्हणाल्या, “काय कमी पडलं आमचं?”

कमी! मी उठलो, ओसरीवर आलो, परत आत गेलो, परत बाहेर. पायात कुणी भिंगऱ्या बांधल्यासारखं झालं. शाळेत गेलो तर फळ्यावर भाषणाचे मुद्दे लिहिलेले, ‘गुळाचा गोडवा’ ठळक. ते पुसले. पुन्हा आक्कांच्या घरी आलो. यात मी पाच खेपा घातल्या असतील. आता रविवारी त्या ओळी वाचाव्यात तर आक्कांची गावासमोर शोभा. न वाचाव्यात तर पोरगा सोमवारी सांगलीला, आणि शोभा तीच.

शेवटी मुलाच्या खाटेशी बसलो आणि जे बुधवारपासून करायचं राहिलं होतं ते केलं. चिठ्ठी आणि प्राध्यापकांनी उतरवलेला कागद त्याच्या हातात दिला. बोट चार ओळींवर ठेवलं. इंग्रजीत म्हटलं, हे मी गाळलं होतं. सभेत वाचू का?

त्याने वाचलं. कान आणखी लाल झाले. प्रश्नचिन्हावर बोट ठेवून तो म्हणाला, “बरोबर आहे. ट्यूलिपचे कांदे. कडू लागतात.” मग चारही ओळी पुन्हा वाचल्या. मला वाटलं, नाही म्हणणार. “बहिणीचं मात्र वाचू नका,” तो म्हणाला. “तिला माहीत नाही. बाकीचं वाचा.” आणि माझी बाही धरून, “सगळ्यात आधी तेच वाचा. कृपा करून. जेवणाआधी.”

रविवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. पाहुणा खुर्चीत, शाल पांघरून. हार गळ्यात पडला. मी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा घसा खाकरला नाही.

म्हटलं, “पाहुण्याच्या आईने आक्कांना चिठ्ठी लिहिली आहे. ती मी आधीच द्यायला हवी होती. दिली नाही, ही चूक माझी. आता आक्कांच्या परवानगीने वाचतो.” आक्कांनी मान हलवली. मी जसं होतं तसं वाचलं, बहिणीची ओळ वगळून. फुलांच्या कांद्यांपाशी मागून कुणीतरी “आरं द्येवा” म्हणालं. पलटणीतून परतलेला एक हवालदार होता. तो उठून लोकांना म्हणाला, “खरं हाय गड्या. युरोपात लडाईत आमी बघितलंय. बाया उकिरड्यात सालपाटं हुडकायच्या.” मग मी शेवटचं वाचलं. ‘ताटात पडलेलं तो टाकू शकत नाही, त्रास झाला तरी संपवतो, म्हणून कृपा करून त्याला कमी वाढा.’ प्रत्येक वाक्यानंतर थांबून तेच इंग्रजीत पाहुण्यासाठी म्हटलं, कारण ज्याचं स्वागत त्यालाच कळलं नाही तर ते स्वागत कसलं. त्याच्या बदली तिकडे गेलेल्या आपल्या मुलाला कुणीतरी काय हवं, काय नको ते विचारत असेल, एवढं एक वाक्य माझं. नमस्कार. तीन मिनिटं झाली होती. एक उरलं ते मी सोडून दिलं, याबद्दल मला कुणी कधी पदक दिलं नाही.

आक्का उठल्या.

“आवं मास्तर,” त्या म्हणाल्या, “ही चिठ्ठी कुनाला हुती?”

“तुम्हाला, आक्का.”

“मंग तुमच्या खिशात काय करत हुती?”

हशा पिकला. लोक अक्षरशः मांड्यांवर थापा मारून हसले, आणि मी, भाषणांचा बादशहा, हात जोडून उभा राहिलो. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या पाहुण्याजवळ गेल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “उपाशी ऱ्हायलेलं हाय व्हय लेकरू,” एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी त्याच्या ताटात अर्धी भाकरी आणि थोडी आमटी वाढली, आणि त्याच्यासमोर बसल्या. त्याने संपवलं. ताट लख्ख. आक्कांचा हात परडीकडे गेला. सगळं घर बघत होतं. हात भाकरीवर टेकला, तिथेच राहिला.

“नको,” मुलगा म्हणाला.

आक्कांनी परडी उचलली आणि उठून मागे ठेवून आल्या. लढाईवरून आल्यासारख्या दमल्या होत्या.

सोमवारी सायकलवाला आला तेव्हा पाहुणा मळ्यात ऊस मोजत उभा होता. सायकलवाल्याला तसंच परत पाठवलं. संध्याकाळी आक्कांनी मला बोलावलं, तिकडे उत्तर धाडायचं म्हणाल्या. मी दौत उघडली, मनात दोन सुंदर वाक्यं तयार.

“मी सांगते त्येवढंच ल्हिवा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मनाचं काय घालू नगा. ल्हिवा. तुमचं प्वार आता बरं हाय. नको म्हनलं की थांबते. लय जड जातंय.”

मी लिहिलं.

“वाचून दावा.”

मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, आणि मग पाकीट स्वतः चिकटवलं.