हिरवी टिक

दारव्ह्याला माझं सेतू केंद्र आहे. दाखले काढायचे, फॉर्म भरायचे, प्रिंट द्यायच्या. या कामात माझा हात चांगला बसला होता आणि त्याचा मला गर्वही होता. लोक दुसऱ्या केंद्रावरून कागद घेऊन माझ्याकडे यायचे ते एका गोष्टीसाठी. त्यांच्या दाखल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह असायचं, आणि ते मी दोन मिनिटांत हिरव्या टिकमध्ये बदलून द्यायची.

यात जादू काहीच नाही. दाखल्याची पीडीएफ दाखला मंजूर करणाऱ्या साहेबांच्या डिजिटल सहीने येते. संगणकाला ती सही कुणाची हे ओळखता आलं नाही, की तो प्रश्नचिन्ह टाकतो. सहीवर राइट क्लिक करायचं, सर्टिफिकेट उघडायचं, ट्रस्टच्या पानावर जाऊन ते नाव विश्वासाच्या यादीत घालायचं, ओके, ओके, सही पुन्हा तपासायची. टिक हिरवी. मग प्रिंट. साहेबांची बदली झाली, नवीन साहेबांचा सही करायचा डोंगल आला, की पुन्हा प्रश्नचिन्ह, पुन्हा तेच. आम्ही सगळे केंद्रवाले असंच करत होतो. कॉलेजवाले प्रश्नचिन्हाची प्रिंट तोंडावर फेकायचे, त्यामुळे करावंच लागायचं. संगणक नेमकं काय विचारतोय, हे मी कधी वाचलं नाही. इंग्रजीत चार ओळी असतात तिथे. चार ओळी वाचायला वेळ कुणाला होता?

जूनमध्ये दिग्रसच्या रस्त्यावरच्या एका तांड्यावरची मुलगी आली. बारावीला चांगले मार्क, नर्सिंगला जायचं. सोबत वडील, टोपी हातात घेऊन दाराशीच उभे. नॉन-क्रिमिलेयरचा दाखला त्यांनी एका एजंटकडून आणला होता. चकरा वाचतात म्हणून लोक एजंट गाठतात, त्यात नवल नाही. पीडीएफ मुलीच्या मोबाईलवर होती. मी ती संगणकावर घेतली. प्रश्नचिन्ह.

"ताई, हे काहून येते?" तिने विचारलं.

"सगळ्यांच्याच येते. थांब."

माझी बोटं आपोआप चालली. टिक हिरवी झाली. मुलगी स्क्रीनकडे बघतच राहिली.

"म्हंजे दाखला असली हाय न? नाईतर अजून टाइम हाय, बापू तहसीलमंदी जाऊन नवा काढतीन."

"हिरवी आली न आता? कायले चकरा मारायले लावतं त्यायले?"

हे वाक्य मी बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं. त्या दिवशी गर्दी होती, पण गर्दीवर ढकलायची माझी इच्छा नाही. तो दाखला तिने फॉर्मला जोडला आणि राखीव गटातून अर्ज केला.

पडताळणीच्या दिवशी तिचा यवतमाळहून फोन आला. खिडकीवरचे बाबू दाखला घेत नाहीत, सही ओळखू येत नाही म्हणतात. माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, त्या बाबूच्या संगणकावर यादी नसेल, त्याला कुणी शिकवलं नसेल. केंद्राला कुलूप घालून मी जीपमध्ये बसले. त्याला चार शब्द सुनावायचे, हे रस्ताभर मनात घोळवत होते.

बाबू पन्नाशीचे, शांत होते. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मी म्हटलं, "साहेब, माह्याकडे हिरवी येते. तुमच्या मशीनमंदी यादीत टाकावं लागते."

"बाई, मी कोणाचंच नाव यादीत टाकत नाई," ते म्हणाले. "इकडे या."

त्यांनी आधी दुसऱ्या एका मुलाचा दाखला उघडला. काही न करता टिक हिरवी आली. सर्टिफिकेट उघडलं तर डाव्या बाजूला पायऱ्या होत्या. सगळ्यात वर सरकारचं मूळ प्रमाणपत्र, त्याखाली सही देण्याचा परवाना असलेली कंपनी, सगळ्यात खाली साहेबांचं नाव. बाबूंनी फक्त वरचं मूळ प्रमाणपत्र एकदाच संगणकात बसवलं होतं. साहेब बदलोत, डोंगल बदलो, खरी सही त्या पायऱ्या चढून मुळाशी पोचते आणि आपोआप ओळखली जाते.

मग त्यांनी तांड्यावरच्या मुलीचा दाखला उघडला. पायरी एकच. उपविभागीय अधिकाऱ्यांचा हुद्दा, नाव, सगळं बरोबर. प्रमाणपत्र कुणी दिलं, तिथेही तेच नाव. स्वतःच स्वतःला दिलेलं. असं प्रमाणपत्र कुणीही घरी बसून, वाटेल त्या नावाने बनवू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी त्या चार ओळींवर बोट ठेवून वाचून दाखवल्या. सही झाल्यावर कागदात बदल झालेला नाही. सही करणारा कोण, ते माहीत नाही, कारण तो तुमच्या यादीत नाही आणि त्याच्या वरचंही कुणी नाही.

"तुम्ही त्याले यादीत टाकलं, म्हणून तुमच्याच मशीनवर हिरवी आली," ते म्हणाले. "मशीन तुम्हाले विचारत होती, याले ओळखता काय? तुम्ही हो म्हटलं."

त्यांनी दाखल्याचा नंबर सरकारी साइटवर टाकला. असा दाखलाच नव्हता. मीही तो नंबर टाकून बघू शकले असते.

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तिने बाबूंना विचारलं, नवा काढून आणला तर? मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तिचा अर्ज खुल्या गटात गेला. यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. थोडक्यात हुकली होती, आणि राखीव गटात तिच्याहून कमी मार्कांची मुलं लागली होती. एजंटचा फोन बंद होता. वडिलांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पावसाळा सरताना ती खरा दाखला घेऊन आली, पुढच्या वर्षासाठी. तोवर मी मूळ प्रमाणपत्र बसवून घेतलं होतं. टिक आपोआप हिरवी आली. मी प्रिंट द्यायला गेले तर ती म्हणाली, "आधी पायऱ्या दाखवा." मी दाखवल्या. तिने तिन्ही नावं बोट लावून वाचली. मला लाज वाटली, पण तिचं बरोबर होतं.

मग मी तिच्यासमोरच माझी ती जुनी विश्वासाची यादी उघडली. इतक्या वर्षांत मीच घातलेली नावं. एकेक उघडून बघत होते, काढून टाकत होते. तिचा तो खोटा साहेब सापडला. आणखी खाली गेले, तर तसेच दोन निघाले. एकच पायरी, स्वतःच स्वतःला दिलेले.

"हे कोनाचे दाखले व्हते, ताई?"

मला आठवलं नाही. यादीत सही करणाऱ्याचं नाव राहतं, दाखला कुणाचा होता ते राहत नाही. कधीतरी कुणीतरी इथेच खुर्चीवर बसून विचारलं असेल, आणि मी हिरवी करून दिली असेल.

"मंग त्यायले कोन सांगन?" ती म्हणाली.