आडवा तक्ता, उभा मुलगा

आमच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख ‘जपून सर’ म्हणून ओळखले जात. ‘सिद्ध होतं’ असं कुणी लिहिलं की ते लाल पेनने खोडत आणि वर ‘सूचित होतं’ असं लिहीत. जेवण कसं झालंय असं बायकोने विचारलं तरी ‘प्राथमिक निरीक्षणानुसार बरं’ म्हणत असावेत, असा आम्हा कनिष्ठ शिक्षकांचा कयास होता.

त्या वर्षी त्यांनी असाइनमेंटला एक तक्ता दिला. आडव्या ओळीत वडिलांचा वर्ग, उभ्या रकान्यात मुलांचा. अधिकाऱ्यांच्या शंभर मुलांपैकी साठ अधिकारी झाले होते, कामगारांच्या नऊशे मुलांपैकी नव्वद. सर्वांत चांगलं लिहील त्याला विभागात संशोधन सहायकाची जागा मिळणार होती. वर्गातल्या एका बसड्रायव्हरच्या मुलीला ती हवीच होती. ती मिळाली नाही तर तिला शिक्षण सोडून मावशीच्या दुकानात उभं राहावं लागणार होतं.

सरांचा मुलगाही त्याच वर्गात होता. त्याने तक्ता उभा वाचला. दीडशे अधिकाऱ्यांपैकी नव्वद कामगारांच्या घरचे, म्हणजे साठ टक्के, इथवर ठीक. पण पठ्ठ्याने लिहिलं की कामगारांची साठ टक्के मुलं अधिकारी होतात, सबब वर्ग टिकतो हा निव्वळ गैरसमज. मी वाचून कपाळावर हात मारला.

मुलीने आडवं वाचलं. अधिकाऱ्यांच्या शंभर मुलांत साठ, कामगारांच्या शंभरात दहा. वर्ग पुढच्या पिढीत उतरतो असं यावरून सूचित होतं, मात्र का उतरतो ते हा तक्ता सांगत नाही. आईचा व्यवसाय यात नाही, आणि अधिकाऱ्यांच्या जागाच किती वाढल्या ते वेगळं पाहावं लागेल, असं तिने लिहिलं. सरांनी जन्मभर जे शिकवलं ते एकाच पोरीला कळलं होतं, याचा मला खरंच आनंद झाला.

जागा मुलाला मिळाली. मुलीच्या लेखनात आत्मविश्वास कमी आहे, असा सरांचा शेरा होता. चिरंजीवांनी टक्केवारीच उलटी वाचलीय, हे मी त्यांना बोट ठेवून दाखवलं. तो तपशील कामावर शिकता येईल, असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला.

मुलगी सरळ त्यांच्या खोलीत गेली. मी तिथेच होतो. सरांचे वडीलही याच विभागाचे प्रमुख होते, हे तिने शांतपणे सांगितलं.

‘‘हे बघ बाळ,’’ सर म्हणाले, ‘‘एका घरावरून वर्ग टिकतो असा निष्कर्ष काढता येत नाही. एवढ्याशा नमुन्यावरून काय ठरणार?’’

तिने मान डोलावली. सरांना वाटलं, पटलं.

‘‘बरोबर आहे, सर,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा नातू विभागात येईपर्यंत मी दुकानात थांबते.’’