उणे सत्तर

प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या त्या कॉलेजात ग्रंथालयातल्या सहायक बाईंना मुलं मागून ‘टापटीप काकू’ म्हणत. टेबलावर पेन आडवं पडलेलं दिसलं तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. मुलांची थट्टा त्यांच्या कानावर होती आणि, खरं सांगायचं तर, ती त्यांना आवडायची.

जुन्या बाईंची व्याख्यानं स्वच्छ करून द्यायचं काम त्यामुळेच त्यांच्याकडे आलं. जुन्या बाई म्हणजे तिथल्या निवृत्त प्राध्यापिका. तीस वर्षं शिकवलं, आणि टाइप केलेली एकेचाळीस व्याख्यानं मागे ठेवून गेल्या. कुणीतरी ती स्कॅन करून त्यांच्या पीडीएफ बनवल्या होत्या, पण त्या म्हणजे नुसते पानांचे फोटो. एखादा शब्द शोधायला जावं तर हाती काही लागायचं नाही. संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतली, तर निघाली ती खिचडी. वाक्यं मध्येच तुटलेली, दर पानावर बाईंचं नाव आणि पानाचा आकडा मजकुरात घुसलेला, तक्त्यातला डावा रकाना आधी आणि उजवा त्याच्या खाली.

सहायक बाई चार महिने त्या खिचडीतून खडे वेचत होत्या. त्यांनी तुटलेल्या ओळी सांधल्या आणि पानांचे आकडे काढून टाकले. व्याख्यानाच्या नावापुढे एक चौकटखूण (#), पोटविषयापुढे दोन, अशी मार्कडाउन नावाच्या संगणकी पद्धतीची साधी शिस्त लावली, म्हणजे शीर्षकं आपोआप ठळक दिसतात आणि बाजूला अनुक्रमणिका तयार होते. याद्यांत मात्र फार गोंधळ होता. कुठे ठिपका, कुठे तारा, कुठे लांब रेघ. त्यांनी एकाच फटक्यात ओळीच्या सुरुवातीची ती सगळी चिन्हं बदलून आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा असं केलं. मार्कडाउनमध्ये एवढं केलं की पडद्यावर सुबक गोळा दिसतो. मजकूर झाला तशी त्यांनी मधली कच्ची फाइल पुसून टाकली. पसारा कशाला ठेवायचा?

फाइल मुलांच्या हाती पडली आणि सहायक बाईंचा भाव वधारला. त्यांची लेक त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात आईचं कौतुक झालं की ती खाली मान घालून हसायची.

मग सहामाही झाली. रक्तातलं सीरम वर्षानुवर्षं टिकवायचं तर किती तापमानाला ठेवाल, असा प्रश्न होता. सतरा जणांनी लिहिलं, सत्तर अंश. तपासायला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्राचार्यांसमोर पेपर ठेवले आणि विचारलं, “सीरम टिकवायचंय की अंड्यासारखं उकडायचंय?” मुलांनी नोट्स पुढे केल्या. नोट्सवर नाव होतं जुन्या बाईंचं.

प्राचार्यांनी जुन्या बाईंना बोलावून घेतलं. ग्रंथालयातच परीक्षकांसमोर बसवून मोबाइलवर ती ओळ दाखवली. बाईंनी चष्मा वर-खाली केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “माझ्याकडूनच राहिलं असेल. वय झालं हो. मुलांची माफी मागते.” परीक्षक मान हलवत उठले. सहायक बाई त्या वेळी दोन हातांवर, कपाटाशी उभ्या होत्या.

सगळे गेल्यावर त्यांनी स्कॅन उघडला. पान पिवळं होतं, पण छापा स्वच्छ. उजव्या रकान्यात तीन तापमानं, एकाखाली एक. दोन ते आठ. उणे वीस. उणे सत्तर. संगणकाने उणेच्या चिन्हाची रेघ केली होती, आणि सहायक बाईंच्या एका फटक्यात रेघेचा गोळा झाला होता. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पहिल्या ओळीला रेघ नाही म्हणून यादी वाकडी दिसते, हे त्यांना त्या दिवशी खटकलं होतं. म्हणून त्यांनी हाताने तिथेही एक रेघ घातली होती. तीन गोळे, एका ओळीत. ते पाहून त्यांना किती बरं वाटलं होतं, हेही त्यांना आठवलं.

पान बंद करून त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाल्या, नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. आपण विज्ञान शिकलेलो नाही, आपल्याला कसं कळणार, अशी समजूत त्या स्वतःला घालत होत्या. पण सत्तर अंशांना काय होतं हे कळायला कॉलेज कशाला हवं? चहा करणाऱ्या कुणालाही कळतं.

चौथ्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी लेकीला विचारलं, त्या सतरांत तू नव्हतीस ना?

“नाही. मी माझ्या वहीत उणे घातलं होतं,” लेक म्हणाली. “परीक्षेच्या आधीच.”

“मग मला नाही सांगितलंस?”

लेकीने निवडलेली जुडी पुन्हा निवडायला घेतली. “मागे तुला एक शीर्षक चुकलंय म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. मैत्रिणींनाही नाही सांगितलं मी. आई चुकली असं कोण सांगणार?”

बाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मुलीने आपली अब्रू राखली होती, ती वर्गातल्या सतरा पोरांचे गुण घालवून. आणि ही राखण तिला आपणच शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच जुन्या बाईंच्या घरी गेल्या. उभ्यानेच सगळं सांगितलं, पहिल्या ओळीतल्या त्या जादा रेघेसकट. जुन्या बाईंनी ऐकून घेतलं. बस म्हणाल्या नाहीत.

“मी माफी मागितली तेव्हा तू कपाटापाशी होतीस ना गं?”

“हो, बाई.”

“तेव्हाच कळलं होतं?”

“तेव्हा शंका आली. तुम्ही गेल्यावर कळलं.”

“चार रात्री मी डोकं टेकलं नाही उशीला,” जुन्या बाई म्हणाल्या. “तीस वर्षांत आणखी काय काय चुकीचं शिकवलं असेल, तेच मोजत होते. आता जा आणि वर्गात सांग. मी येणार नाही.”

सहायक बाई प्राचार्यांना गाठून वर्गात गेल्या. स्कॅनचं पान त्यांनी भिंतीवर मोठं करून दाखवलं आणि शेजारी आपली फाइल. चूक बाईंची नाही, माझी आहे, आणि चार दिवस मी ती लपवली, इतकंच बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “काकू, मग आमचे मार्क?” प्राचार्य म्हणाले, परीक्षकांना कळवू, पण मिळतीलच असं नाही. लेक पहिल्या बाकावर होती. तिने मान वर केली नाही.

“आणि अजून कुठे असं झालंय?” दुसरीने विचारलं.

ते सांगता येत नव्हतं. गोळा झालेलं उणे आणि खराखुरा गोळा पडद्यावर सारखेच दिसतात. शोधाच्या चौकटीत काय टाकणार? मूळ मजकूर पुसलेला. एकच मार्ग होता, प्रत्येक पान स्कॅनशी ओळीने ओळ ताडून पाहायचं. एकेचाळीस व्याख्यानं, सहाशेवर पानं. होईपर्यंत फाइल कुणी वापरू नका, असं त्यांनी सांगितलं, आणि जी फाइल दाखवून त्या मिरवल्या होत्या ती सगळ्यांसमोर काढून घेतली.

ग्रंथालयात परतून त्यांनी पहिलं व्याख्यान उघडलं. वर जुन्या बाईंचं नाव होतं. त्याखाली त्यांनी एक ओळ घातली: मजकूर स्वच्छ करताना झालेल्या चुका ग्रंथालय सहायकाच्या आहेत. ओळ जरा लांब होती, शीर्षकाखाली बरी दिसत नव्हती. ती तशीच ठेवून त्यांनी स्कॅनचं पहिलं पान शेजारी लावलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

थोड्या वेळाने लेक आत आली. बाजूची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “तू वाच, मी स्कॅनवर बघते. आणि आई, मी चूक सांगितली तर रुसायचं नाही.”

बाईंनी मान हलवली. मग बोट ठेवलेली पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.