फिक्या पेशींचा घोळका

दुष्काळाच्या त्या वर्षी मी लातूरला फ्लो सायटोमेट्रीचे अहवाल द्यायचे. देवणीच्या एका शिक्षिकेचं रक्त आलं. रंगीत खुणा लावलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून गेल्या आणि पडद्यावर ठिपके उमटले. चिकटलेल्या, मेलेल्या पेशी वगळून मी पांढऱ्या पेशींवरच्या सीडी४५ या प्रथिनाचा रंग फिका असलेल्या, म्हणजे अपक्व पेशींच्या घोळक्याभोवती रेघ आखली. लिम्फच्या पेशींची सीडी१९ किंवा सीडी३ ही खूण त्यांच्यावर नव्हती. सीडी१३, सीडी३३ आणि सीडी११७ या मायलॉइड पेशींच्या खुणा मात्र होत्या. म्हणजे तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कर्करोग.

बाहेर तिचा नवरा उभा होता. “मॅडम, दोन पोरींची माय हाय ती. वाचंल न्हवं?”

“आजच हैदराबादला न्या,” एवढंच मी म्हणाले.

त्यानं नेलं. पहिल्याच केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटल्या, जंतुसंसर्ग झाला आणि ती गेली.