पडलेली चकली आणि प्रश्नपेटी

मी तोंडाळ आहे. हे घरी, दारी, शाळेत सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याचा बरीच वर्षं अभिमानच होता. कर्वेनगरच्या शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझ्या तासाला मुलं हसायची, म्हणजे मी हसवायचे, आणि ज्याच्यावर हसायची तो पोरगा खाली मान घालून बसायचा. 'बाईंचा एकेक टोला!' असं पालकही कौतुकानं म्हणायचे. मला ते गोड लागायचं.

शाळेत एक प्रश्नपेटी होती. बुटांच्या खोक्याला तपकिरी कागद लावून केलेली, वर चिठ्ठी टाकायला फट. मुलांनी मनातले विज्ञानाचे प्रश्न नाव न घालता त्यात टाकायचे आणि शुक्रवारी परिपाठ झाला की मी सगळ्या शाळेसमोर उत्तरं द्यायची. ही कल्पना माझीच. नाव घालायचं नाही हा नियमही माझाच, म्हणजे कुणाला लाज वाटायला नको.

त्या आठवड्यात सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत कुणीतरी घरच्या चकल्या आणल्या होत्या. माझी चकली हातातून निसटली आणि फरशीवर पडली. मी इकडेतिकडे बघितलं, उचलली, फू केलं आणि खाल्ली. त्यात काय एवढं! चकली खमंग होती, फरशी सकाळीच पुसलेली होती, आणि मी काही पहिल्यांदा खात नव्हते. दारात सहावीची एक मुलगी वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिला मी म्हटलं, "ठेव तिथं आणि पळ." ती पळाली. संपलं.

शुक्रवारी पेटीतून जी चिठ्ठी निघाली तिच्यावर दोन ओळी होत्या. पहिली, 'खाली पडलेला खाऊ पाच सेकंदांत उचलला तर चालतो का?' दुसरी, 'लहान आजारी मुलाला चालतो का?'

पहिली ओळ मी माइकवर वाचली आणि मुलं खुदखुदली. मला तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, "कोण गं हे? जंतू काय मनगटावर घड्याळ लावून बसलेत? 'थांबा रे, अजून चारच सेकंद झालेत, चढू नका' असं म्हणतात का ते एकमेकांना?" सगळं मैदान हसलं. मग मला चेवच चढला. "ज्यांना जमिनीवरचं खायची हौस आहे त्यांनी खुशाल खावं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटू. आणि दुसऱ्याला खायला घालत असाल तर त्याच्या आईला आधी कळवून ठेवा!"

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसरी ओळ मला दिसली नव्हती असं नाही. दिसली होती. पण हशा पिकला होता, त्यात आजारी मुलाची ओळ वाचली असती तर सगळं गंभीर झालं असतं. मी चिठ्ठी चुरगळून पर्समध्ये टाकली आणि पुढचा प्रश्न घेतला. बेडूक उलटा पोहतो का, की असंच काहीतरी.

पुढच्या बुधवारी शाळा सुटताना फाटकाशी त्या वह्यांवाल्या मुलीची आई मला गाठायला उभी होती. विदर्भाकडची बाई, नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आलेली. तिच्या चार वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि उपचार सुरू होते, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. तिनं सांगितलं की शनिवारी मुलाला ताप भरला आणि त्याला लगेच दवाखान्यात भरती करावं लागलं. आता तिथं त्याचे बाबा थांबले होते.

"त्याचं डॉक्टर पाहून राहिले, बाई. पण ही पोरगी तीन दिवसांपासून जेवत नाही. काहून जेवत नाही विचारलं तर बोलत नाही. काल रात्री झोपेत रडली. म्हणे, 'मी मारलं त्याला.' मग कुठं सांगितलं. गुरुवारी पपईची फोड खाली पडली होती, तीच त्याला चारली म्हणे. आणि म्हणे विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं आहे, असं केलं की दवाखाना."

मी तिथंच पर्स उघडली. चिठ्ठी अजून तळाशी होती, बसच्या तिकिटांत अडकलेली. ते अक्षर मी दर आठवड्याला वहीत तपासत होते. शुक्रवारी ओळखायला मला अवघड नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

"मी येते घरी," मी म्हटलं. "आत्ताच येते."

दोन खोल्यांचं घर होतं, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर. मुलगी खिडकीशी बसली होती. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहतात तशी. आई चहा टाकायला आत गेली. मी म्हटलं, "अगं, बस. शुक्रवारी मी अर्धंच उत्तर दिलं. पूर्ण सांगायला आलेय."

आणि मग मी ते उत्तर दिलं, जे शुक्रवारी द्यायला मला दोन मिनिटं लागली असती. पडलेल्या खाण्याला जंतू लागायचे असतील तर टेकल्या टेकल्या लागतात, ही गोष्ट खरी. जास्त वेळ पडून राहिलं तर जास्त लागू शकतात, पण पाच सेकंदांची सूट कुणी दिलेली नाही. फुंकर मारून धूळ जाते, जंतू जात नाहीत. कोरड्या वस्तूला कमी चिकटतात, ओलीला जास्त. जमीन स्वच्छ दिसते म्हणून स्वच्छ असतेच असं नाही. पण धडधाकट माणसानं असं काही खाल्लं तर बहुतेक वेळा त्याला काहीच होत नाही, कारण आपलं शरीर तेवढं बघून घेतं. 'दुसऱ्या दिवशी दवाखाना' ही माझी थाप होती, हसवण्यासाठी मारलेली.

"आणि त्याला?" तिनं विचारलं.

"त्याच्या औषधांनी त्याच्या अंगातली जंतूंशी लढायची ताकद कमी होते. म्हणून त्याला पडलेलं द्यायचं नाही. सेकंद मोजायचेच नाहीत, सरळ टाकून द्यायचं."

"म्हणजे माझ्यामुळेच."

"नाही गं. अशा मुलांना ताप कशानंही येतो. कितीदा तर आपल्याच तोंडातले, पोटातले जंतू, एरवी निमूट असणारे, तेच त्रास देतात. त्या फोडीनं आला असं कुणीच सांगू शकणार नाही."

आतून आई म्हणाली, "डॉक्टरपण हेच म्हणाले, बेटा."

"फोडीनं नाही आला, असं सांगता येतं का?" मुलीनं मला विचारलं.

सव्वीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही. तसंही सांगता येत नाही." खोटं बोलावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. पण निदान एवढं तरी खरं बोलले.

मग मी, माझी सवयच ती, तिला विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, त्याला सगळं उकळून, धुऊन देतात? मग का दिलीस?"

तिनं आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "तो तीन दिवस काहीच खात नव्हता. पपई मागितली. शेवटचीच फोड होती, ती पडली आणि तो रडायला लागला. आणि तुम्ही सोमवारी चकली उचलून खाल्ली होती ना, बाई. मी तुमच्याकडे लक्ष ठेवलं होतं. मंगळवारी तुम्ही शाळेत आलात. बुधवारी पण आलात. गुरुवारी पण. तुम्हाला काहीच झालं नव्हतं. म्हणून मग दिली."

नुसतं ऐकून विश्वास ठेवू नका, करून बघा, निरीक्षण करा, मग ठरवा, असं मी तिच्या वर्गात दर तासाला घोकून घेत होते. तिनं बरोबर तसंच केलं होतं. प्रयोग माझ्यावर केला होता, तीन दिवस निरीक्षण केलं होतं. फक्त कोरडी चकली आणि ओली पपई यांत फरक असतो, साठ किलोच्या बाईत आणि केस गळालेल्या चार वर्षांच्या पोरात फरक असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं काम माझं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चहा आला तो मी प्यायले. निघताना तिच्या आईला सांगितलं, "तिचं काही चुकलं नाही हो, चुकलं ते माझं." पण काय चुकलं ते सांगितलं नाही. त्या माउलीला वाटलं मी नम्रपणे बोलतेय. ती म्हणाली, "असं नका म्हणू बाई, तुम्ही घरी आल्या."

त्या रात्री मुलगी वरणभात जेवली, असा आईचा फोन आला. गुरुवारी मुलाचा ताप उतरला. पुढे आठवडाभरानं तो घरी आला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी परिपाठाला पेटी न उघडता उभी राहिले. पर्समधली चिठ्ठी सरळ केली आणि दोन्ही ओळी वाचल्या. मागच्या वेळी मी दुसरी ओळ मुद्दाम गाळली, हे सांगितलं. टिंगल केली म्हणून माफी मागितली. कोरडं, ओलं, धडधाकट, आजारी, सगळं नीट सांगितलं. सहावीची रांग समोरच होती, तिसऱ्या जागी ती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. आता चकलीचं सांगायचं होतं, रात्री घोकून आले होते, 'मुलांनो, मी स्वतः पडलेली चकली खाल्ली आणि चार दिवसांनी इथं उभी राहून तुम्हाला हसले.' एवढंच एक वाक्य. बाजूला मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत बसल्या होत्या. मागं सगळे शिक्षक. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मीच कितीतरी मुलांना हिणवलं होतं. माझी जीभ, जी कुणासाठी कधी अडली नाही, ती अडली. मी म्हटलं, "चला, पुढचा प्रश्न," आणि पेटी उघडली.

मधल्या सुट्टीत ती वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. या वेळी दारात थांबली नाही, थेट माझ्या टेबलापाशी आली. वह्या ठेवल्या. खोलीत बाकीच्या बाई होत्या म्हणून ती माझ्या कानाशी वाकली.

"बाई, चकलीचं मी कुणालाच सांगितलं नाहीये. आईला पण नाही. तुम्ही घाबरू नका."

आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "शहाणी गं माझी."