थंडाईचे तीन महिने

सांगलीत सोनारांच्या आळीमागच्या बोळात आमचं गलाईचं दुकान होतं. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या विट्याकडचे पुरुष या धंद्यापायी कुठं कुठं गेले, आमचे हे त्या मानानं घराजवळच राहिले. पुढं भट्टी, मध्ये गोणपाटाचा पडदा, मागं आमची एक खोली. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, कोळसा मिळायला त्रास व्हायचा, पण भट्टी काही विझली नाही. हे सकाळी लंगोट कसून, वर पंचा गुंडाळून भट्टीपुढं उकिडवे बसायचे ते दुपार टळेपर्यंत. भाता मारायचा, सोनं वितळायची मूस हलवायची, घाम पुसायचा. तोंडात विडी कायमची. संध्याकाळी आळीतल्या दोस्तांबरोबर गांजाची चिलीम, आणि बाजारच्या दिवशी गावठी दारू. माणूस वाईट नव्हता. घरी येऊन माझ्यावर कधी हात टाकला नाही, हे मी आजही सांगते, कारण बाकीचं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. सासूबाई गावाकडं असायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या दर सणाला सांगलीला यायच्या, माझ्या पोटाकडं बघायच्या आणि पाणीसुद्धा न पिता सुरू व्हायच्या. "पोरी, किती दिस वाट बघायची? माझं डोळं मिटायच्या आत कायतरी दाव." मग दोन वर्षांनी दाखवायचं राहिलं बाजूला आणि दुसरी करायची भाषा सुरू झाली. त्या काळी आमच्याकडं दुसरी करणं म्हणजे गोठ्यात दुसरी म्हैस बांधण्याइतकं सोपं होतं, म्हशीलाही बहुतेक जास्त विचारत असतील.

मी मराठी चार यत्ता शिकलेली. मला वाटलं, आधी माझ्यात काय बिघडलंय ते तरी बघावं. जवळच्याच गावात एक मोठं इस्पितळ होतं, तिथल्या डॉक्टरीणबाई बायकांना तपासायच्या. टांग्यानं एकटीच गेले. दोन वेळा बोलावून त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात मला काही दोष दिसत नाही. आता तुमच्या यजमानांना पाठवा. त्यांचा धातू तपासायला हवा."

घरी येऊन मी तसंच सांगितलं. हे हसले. "धातू? आगं, धातू तपासायचा माझाच धंदा हाय की. त्यांनी माझ्याकडं पाठवावं." मी हसले नाही, तेव्हा बाई वीर्याबद्दल म्हणत होत्या हे त्यांना उमगलं, आणि मग आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी पण हट्टाला पेटले. भाकरी वाढायची आणि ताटासमोर बसून राहायची, एवढंच. शेवटी एके दिवशी दुकान बंद ठेवून मला घेऊन निघाले.

इस्पितळातल्या एका खोलीत बाटली देऊन त्यांना पाठवलं. तिथंच, ताजं ताजं लागतं. घरून आणलं तर वाटेत जीव जातो, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी काच सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली धरली, आणि आधी स्वतः बघून यांना बघायला सांगितलं. हे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. जिथं सगळीकडं वळवळ दिसायला हवी तिथं शुक्रजंतू मोजकेच होते, आणि त्यातलेही बरेच आळसावलेले.

बाईंनी ओरडून किंवा लाजवून सांगितलं नाही. म्हणाल्या, "दारू बंद. गांजा बंद. विडी बंद. आणि उष्णता टाळा. आज दिसतंय ते आज तयार झालेलं नाही, आधी दोन-अडीच महिने ते आत घडत असतं, आणि बाहेर यायला वर आणखी काही दिवस. त्यामुळं आज सोडलंत तरी फरक दिसायला तीन महिने धरून चाला. तीन महिन्यांनी परत या. सुधारेलच असं मी म्हणत नाही, पण पुष्कळांचं सुधारतं."

चिलमीचं आणि विडीचं त्या वेळी कुणालाच आजच्याइतकं ठाम माहीत नव्हतं, बाईंनी अंदाजानंच सांगितलं असणार. पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, तंबाखूनं संख्या कमी होते आणि चालही मंदावते, गांजानं त्याहून वाईट, आणि फार पिणाऱ्याच्या अंगातलं पुरुषत्वाचं रसायनच कमी पडत जातं. पण सोडलं की शरीर पुष्कळ वेळा भरून काढतं. कुणाला तीन महिने पुरतात, कुणाला सहा, कुणाला त्याहून जास्त.

परतताना टांग्यात हे पहिल्यांदा बोलले. "कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "नाही सांगणार." हा शब्द मी इतका नीट पाळला की आज स्वतःचाच राग येतो.

त्यांनी दारू सोडली. चिलीमही सोडली. विडीसाठी तळमळायचे, तोंडात बडीशेप धरायचे. मला त्यांचं कौतुक वाटायचं. आत्याबाईंना एवढंच सांगितलं की यांच्या अंगात उष्णता आहे, डॉक्टरनं टाळायला सांगितलंय. झालं! गावाकडून सब्जा आला, गुलकंद आला, दुर्वांचा रस सुरू झाला. बाजरी बंद, गूळ बंद, वांगं बंद, मटण बंद. दुपारी ताकात जिरं. उष्णता म्हटली की आमच्या डोक्यात खाणंच यायचं, दुसरं काही शिरायलाच जागा नव्हती. मीच रोज सकाळी सब्जा भिजवत होते, आणि हे तो वाडगा रिकामा करून लंगोट कसून पुन्हा भट्टीपुढं बसत होते.

एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. चिलीम सोडलेल्या दोस्ताची दया येऊन आळीतल्या मंडळींनी त्यांना थंडाई पाजायला सुरुवात केली. बडीशेप, मिरी, खसखस, बदाम आणि भांग. यांनी मला कौतुकानं सांगितलं, "लय थंड असतीया. उष्णतेला नामी." गांजा तो गांजा आणि भांग ती थंडाई, एकाच झाडाची आहे हे ठाऊक असूनही दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. मी तर एकदा त्यांच्यासाठी घरी बदाम वाटून दिले.

तीन महिन्यांनी आम्ही नवी वस्त्रं नेसून इस्पितळात गेलो, इतकी खात्री होती. बाईंनी काच बघितली आणि मान हलवली. आधीपेक्षा कमीच.

"सगळं सोडलंत ना?"

"व्हय बाई, सगळं."

"आणि उष्णता?"

यांनी सब्ज्यापासून थंडाईपर्यंत सगळी यादी म्हणून दाखवली. बाई ऐकत होत्या, थंडाईशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "दिवसभर काय करता तुम्ही?" हे विचारायचं मागल्या खेपेला राहून गेलं होतं. यांनी सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी समजावलं. ते अवयव देवानं शरीराबाहेर लटकत ठेवलेत ते उगीच नाही, पोटातल्यापेक्षा जरा गारव्यातच त्यांचं काम चालतं. भट्टीपुढं उकिडवं बसून त्यांना रोज शेकायचं आणि वर लंगोटानं अंगाला आवळून ठेवायचं, मग सब्जा खाऊन काय उपयोग? "मला आगीची उष्णता म्हणायची होती हो. आणि भांग म्हणजे गांजाच. आता आजपासून पुन्हा तीन महिने."

परत येताना हे म्हणाले, "आपुन दोगंबी येडं." आणि मी खूप हसले. इतक्या वर्षांत आम्ही दोघं मिळून असं पहिल्यांदा हसलो असू. त्या संध्याकाळी मला वाटलं, मूल झालं नाही तरी मला हा माणूस पुरेल.

त्यांनी भट्टीवर भावकीतला एक जाणता गडी बसवला आणि स्वतः पुढं सोनारांशी बोलायला बसू लागले. लंगोट गेला, सैल धोतर आलं. कढत पाण्याची अंघोळ बंद केली. थंडाईवाल्यांकडं पाठ फिरवली. चेहरा भरला, झोप लागू लागली. मी मनात दिवस मोजत होते.

दिवस आत्याबाईही मोजत होत्या. त्यांनी वडूजकडची एक पोरगी बघून ठेवली होती आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीचा मुहूर्त धरला होता. मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "आत्याबाई, पावसाळ्यापर्यंत थांबा." त्या म्हणाल्या, "का? पावसाळ्यात तुला पालवी फुटणार हाय?" मी यांच्याकडं बघितलं. सांगायचं त्यांनी होतं, शब्द मी दिलेला होता. हे म्हणाले, "आई म्हणती तर..." आणि उठून बाहेर गेले.

लग्न झालं. नवी मुलगी गरीब स्वभावाची, मला अक्का म्हणायची. तिचा मला कधीच राग आला नाही. तिला घेऊन हे सांगलीला गेले आणि मला आत्याबाईंपाशी गावात ठेवलं. रानात माळ, घरात आत्याबाई, आणि बोलायला कुणी नाही. संध्याकाळी चूल पेटवताना मला त्या एका खोलीची इतकी आठवण यायची की धुराचं निमित्त करून रडून घ्यायची.

पावसाळ्याच्या तोंडाला हे एकटेच आले. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. गोठ्यात मी शेण काढत होते, तिथं येऊन हळूच म्हणाले, "बाईंकडं जाऊन आलो. चांगलं झालंय. लय हायत, आन् पळत्यात." मला इतका आनंद झाला की हातातली पाटी तशीच राहिली. या बातमीचा अर्थ समजणारी, बाई सोडल्या तर, जगात मी एकटीच होते, म्हणून ते मला सांगायला आले होते. मी विचारलं, "मग मला कधी न्यायचं?"

ते म्हणाले, "तिला दिस गेल्यात."

मुलगा झाला. बारशाला सगळा गाव लोटला. आत्याबाई चारचौघींत म्हणाल्या, "माझ्या लेकात कायबी खोट न्हवती. आता कळलं न्हवं सगळ्यास्नी, कुणात व्हती ती?" बायका माझ्याकडं बघू लागल्या. मी पोराला घ्यायला हात पुढं केले, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "तू नगं, बाई. वांझेचा हात नगं बारशाच्या दिशी." हे तिथंच उभे होते, दारापासून दोन हातांवर. इस्पितळाचं, भट्टीचं, थंडाईचं, कशाचंही नाव न घेता नुसतं "घेऊ द्या तिला" एवढं म्हणाले असते तरी मला जन्मभर पुरलं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग पाळण्याकडं बघितलं. मी हात मागं घेतले आणि बाहेर घुगऱ्या वाटायला गेले.