सौ. कुणी काढलं

जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांना तोटा नाही. त्यातल्याच एका कंपनीत मी बरीच वर्षं मराठी तपासते. पाकिटावरचा मजकूर, शेतकऱ्यांना वाटायची पत्रकं, विक्रेत्यांना जाणारे मेल, सगळं. एकदा 'हे बियाणे खाण्यासाठी वापरू नये' यातलं 'नये' छपाईच्या नमुन्यात कडेला कापलं गेलं होतं, ते माझ्या नजरेला पडलं. तेव्हापासून माझी सही असल्याशिवाय मराठीतला कागद बाहेर जात नाही. पगार वाढला नाही, पण धाक वाढला. लाल पेन घेऊन मी जिन्यावरून उतरताना दिसले की लोक उगाच फोन कानाला लावतात.

उगवण चाचणीच्या प्रयोगशाळेत माझी एक मैत्रीण आहे. ओल्या कागदावर बी ठेवायचं, कागदाची गुंडाळी करायची आणि ठरल्या दिवशी किती उगवलं ते बघायचं, हे तिचं काम. माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, माहेर भोकरदनचं, सासर धावड्याचं, घर जालन्यात. मला ताई म्हणते. आमचे जेवणाचे डबे कित्येक वर्षं एकाच टेबलावर उघडतात, आणि तिच्या डब्यातला ठेचा मी तिला न विचारता घेते.

एका रविवारी तिचा नवरा गेला. छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मंगळवारी आम्ही ऑफिसातले सहाजण जीप करून धावड्याला गेलो. पुरुष ओसरीवर बसले, मी आत गेले. बायकांच्या घोळक्यात ती भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी जवळ बसले तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ताई, इथं काय चाललंय ते चालू द्या. इथं माझं काही चालत न्हाई. पन मी ऑफिसात येईन ना, तवा मला वेगळी करू नका. तेवढं तुम्ही बघा."

मी म्हटलं, "बघते."

बुधवारी सकाळी प्रशासनाचे साहेब माझ्या टेबलाशी आले. माणूस वाईट नाही. परभणीचे, मृदू बोलणारे, कुणाच्याही लग्नात आहेराचं पाकीट न चुकता पोचवणारे. कंपनीत कुणाच्या घरी मृत्यू झाला की त्यांच्या नावानं सांत्वनाचा मेल जातो, त्या माणसाला आणि सोबत सगळ्या शाखांना. त्या मेलचा मसुदा त्यांनी कागदावर काढून आणला होता.

"तुमची एक नजर फिरवा," ते म्हणाले. "पन जरा हळू हातानं. दुःखाचा मामला आहे."

मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि पेन्सिल घेतली. दुःखाच्या पत्रावर लाल शाई मला बघवत नाही.

मसुदा मागच्या वर्षीच्या मेलवरून उचललेला होता, हे दुसऱ्या ओळीतच कळलं. तेव्हा हिशोब विभागातल्या एकाचे वडील वारले होते. साहेबांनी 'वडील' काढून 'पती' घातलं होतं, पण पुढे 'आपल्या डोक्यावरचे पितृछत्र हरपले' तसंच राहिलं होतं. मी त्या वाक्याखाली बारीक रेघ मारली. साहेबांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"होतं असं," मी म्हटलं. "म्हणूनच दुसऱ्यानं वाचायचं असतं."

मग आम्ही एकेक ओळ घेतली. 'आपले पती यांचे निधन' याचं 'आपल्या पतींचे निधन' केलं. 'दुःख' तीनदा आलं होतं, त्यातलं एक ठेवलं. 'नियतीच्या क्रूर खेळापुढे कुणाचे काही चालत नाही' हे वाक्य मी कंसात टाकलं. ज्याच्या घरात मयत झालीय त्याला ते ठाऊक असतं, आपण मेल करून कळवायची गरज नाही. त्या जागी साहेबांना विचारलं, "तुम्हाला त्यांच्याबद्दल काय आठवतं?" ते म्हणाले, "स्नेहसंमेलनात सगळ्या लेकरांना त्यांनी भोवरा फिरवायला शिकवलं होतं. माझ्या लेकीला बी." म्हटलं, हेच लिहा. शेवटी 'तरी रुजू होण्याची तारीख त्वरित कळवावी' असं होतं, तिथं 'कामाची काळजी करू नये, आम्ही सांभाळून घेऊ' असं आलं. आणि आमच्या प्रत्येक मेलखाली आपोआप हिरवी पट्टी उमटते, 'खरीप हंगामाच्या हार्दिक शुभेच्छा'. ती या मेलपुरती काढायला कॉम्प्युटरवाल्यांना सांगा, म्हटलं. साहेबांनी कपाळावर हात मारला.

दोन ठिकाणं राहिली. एक होतं 'आपल्या कपाळीचे कुंकू पुसले गेले'. मी ते पूर्ण खोडलं. साहेब म्हणाले, "अहो, तशी म्हणायची रीत आहे." म्हटलं, "रीत आहे म्हणूनच खोडलं. पुसलं गेलेलं मी काल डोळ्यांनी बघून आलेय. आपोआप न्हाई गेलं, चार बायकांनी मिळून पुसलं."

दुसरं अगदी वर होतं. 'आदरणीय सौ.' आणि पुढे तिचं नाव. त्यातल्या 'सौ.'भोवती साहेबांनी स्वतःच गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं: श्रीमती करणे.

"हे बराबर पकडलं ना मी?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल, एवढं बी कळलं न्हाई. कर्मचाऱ्यांच्या यादीत पन बदलायला सांगून राह्यलोय."

इथं माझं डोकं फिरलं. आता सांगते का ते. माझा नवरा गेला तेव्हा मीही तेराव्यानंतर ऑफिसात आले होते. टेबलावर कर्मचाऱ्यांची नवी यादी तपासायला आली होती. त्यात माझ्या नावाआधी सौ. छापलेलं होतं. मला कुणी काही म्हटलं नव्हतं, कुणाची टाप नव्हती. मीच लाल पेन उचललं, सौ. खोडलं आणि वर श्रीमती लिहिलं, 'नये' लिहावं तितक्या सहज. छापून आल्यावर चूक नाही म्हणून समाधानही वाटलं. त्या समाधानाची मला आजही चीड येते.

"साहेब," मी म्हटलं, "माणूस जाऊन चार दिवस झाले न्हाईत आणि आपण पहिली दुरुस्ती तिच्या नावात करून राह्यलो. हा मेल सगळ्या शाखांना जाणार. म्हणजे ती विधवा झाली हे आपण दवंडी पिटून सांगणार, आणि वर त्याला सांत्वन म्हणणार."

"पन नियम..."

"कुठल्या पुस्तकातला? मला दाखवा. तुमच्या नावाआधी श्री. आहे. उद्या वहिनींना काही झालं तर तुमच्या श्री.चं काय होईल?"

हे बोलायला नको होतं. पण बोलले, आणि मागे घेतलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सौ. ठेवलं तर लोक म्हणतील, एवढी बी अक्कल न्हाई. तिला बी लागेल." म्हटलं, "श्रीमती असेल तर माझी सही न्हाई. सही नसताना पाठवायचा तर पाठवा." म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, असं म्हणतात. मला काळ सोकावू द्यायचा नव्हता.

मग मी तोड काढली. सौ. नको, श्रीमती नको, नुसतं नाव आणि पुढे मॅडम. साहेब निमूट हो म्हणाले. यादीही तशीच करायची ठरलं. मी सही केली, दुपारी मेल गेला. मी इतकी खूश होते की त्या दिवशी जिना दोनदा चढले. किल्ला जिंकून आल्यासारखी वागत होते म्हणा ना.

तेराव्यानंतर पाच दिवसांनी तिचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना. चारच ओळी. मेल घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला, भोवऱ्याची ओळ सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावली, सोमवारी येते. आणि खाली तिचं नाव, त्याआधी सौ.

साहेब ते छापून घेऊनच आले. कुजबुजत म्हणाले, "मॅडम, खालची सही आपोआप येते. बदलायची राहिली असणार. सांगायचं का त्यांना? तुम्हीच सांगा, हळूच."

"सोमवारी बघू," मी म्हटलं. पण मलाही तेच वाटलं होतं, की राहून गेलं असणार.

सोमवारी ती आली. लहानशी टिकली होती, हातात दोन दोन बांगड्या. बघितलं सगळ्यांनी. जेवायच्या सुट्टीत डबे उघडले. ठेचा तिनंच माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ताई, साहेबांच्या मेलमधी माझं सौ. कुठं गेल्तं?"

मी सगळी हकीकत सांगितली. श्रीमती कसं अडवलं, सहीची धमकी कशी दिली, साहेबांचा चष्मा, सगळं. जरा रंगवूनच सांगितली. ती शांतपणे जेवत होती.

"श्रीमती न्हाई होऊ दिलं, ते चांगलं केलं," ती म्हणाली. "पन सौ. कुणी काढलं?"

मी हातातला घास डब्यात ठेवला. "मी," म्हटलं.

"मला इचारलं का?"

"न्हाई."

"सत्तावीस वर्षं संसार केला, ताई. चांगला केला. ते मला मिळाले हे माझं सौभाग्य होतं, ते गेले म्हणून खोटं पडतं का? धावड्यात बायकांनी बांगड्या काढल्या, मी काढू दिल्या, सासूबाईंकडं बघून. पन नाव माझं आहे. उत्तराच्या मेलमधी मी विसरले न्हाई काही. दोनदा वाचून पाठवलाय."

मला लाज वाटली, आणि तिच्याविषयी इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. चार बायकांनी जे धावड्यात केलं तेच मी पेन्सिलीनं हळू हातानं केलं होतं, आणि वर मिरवत होते.

"मंग आता?" मी विचारलं.

"तुम्ही काढलं, तुम्हीच लावा," ती म्हणाली आणि डबा धुवायला उठली.

कर्मचाऱ्यांची सुधारलेली यादी त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर आली. मी लाल पेन काढलं. तिच्या नावाआधी ठळक अक्षरांत सौ. लिहिलं. चार ओळी खाली माझं नाव होतं, मीच लिहिलेल्या श्रीमतीसकट. त्यावर मी आडवी रेघ मारली. तिथं काय लिहायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आणि खाली सही केली.

साहेबांनी यादी हातात घेऊन दोन्ही नावं पुन्हा पुन्हा पाहिली. म्हणाले, "मॅडम, तुमच्या नावाआधी काहीतरी राहिलंय बहुतेक."

"न्हाई," म्हटलं, "तपासलंय मी. जाऊ द्या छापायला."